चुन्याच्या डबीतली दाढ

तिने चुन्याची रिकामी डबी माझ्या टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि कापसात गुंडाळलेली दाढ माझ्यासमोर धरली. चार दिवसांपूर्वी मीच काढलेली. "हे किडली कुठीसा हाय, मले दाखवा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मागे उभ्या असलेल्या तिच्या भावाने मोबाईल वर धरला होता आणि त्याचा आवाज मात्र बाहेरच्या बाकापर्यंत जात होता. चुकीचा दात उपटला, असं तो प्रत्येक वाक्यात एकदा म्हणत होता.

मला राग आला. खरं सांगते, पहिला राग त्यांचाच आला. घाटंजीत दवाखाना टाकून मला एकोणीस वर्षं झाली. या वर्षांत किती दाढा काढल्या त्याची मोजदाद नाही, आणि हा कोण मोबाईल धरून मला शिकवणारा? मी त्याला मोबाईल बंद करायला सांगितला आणि त्याच तोऱ्यात कपाटातून तिचा केसपेपर काढला. यवतमाळच्या डॉक्टरची चिठ्ठी त्याला टाचलेली होती. चिठ्ठीवर सत्तेचाळीस नंबर. माझ्या कागदावर सत्तेचाळीस काढला, अशी नोंद. संमतीपत्रावर सत्तेचाळीस, खाली तिची सही. तिन्ही कागद मी तिच्यासमोर आपटलेच म्हणा ना. चिठ्ठीत लिहिलं तेच काढलं, मी म्हणाले.

तिने कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्या तुमाले बोट ठेवून दाखोलं होतं, बाई," ती म्हणाली. "तुमी माह्या तोंडात नाई, चिठ्ठीत पाहून राह्यल्या होत्या."

हे वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं.

तो बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे खेड्यापाड्यांतून, तांड्यांवरून माणसं येतात, आणि सगळ्यांना परतीची गाडी पकडायची असते. उद्या या, असं कोणालाही म्हणता येत नाही. उद्या म्हणजे आणखी एक मजुरी बुडणार. त्यामुळे त्या दिवशी माझे हात घाईत असतात आणि तोंड त्याहून घाईत. ती तांड्यावरची, चाळिशीच्या आतबाहेरची बाई, शाळेत खिचडी शिजवणारी. डाव्या बाजूला खालच्या दाढा आधीच गेलेल्या. भाकरी चावायची ती उजव्याच बाजूने, आणि आता तीच बाजू दुखायला लागलेली. यवतमाळला कोणा नातलगाला भेटायला गेली होती तेव्हा तिथे दाखवून आली. त्या डॉक्टरने एक्सरे काढला, ही दाढ काढा म्हणून सांगितलं, मागची अक्कलदाढ चावायला आहे म्हणाला (हे मला नंतर कळलं), आणि काढायला पुन्हा तिथे येणं जमणार नाही म्हटल्यावर चिठ्ठी लिहून दिली. एक्सरेची फिल्म मात्र भावाच्या शर्टाच्या खिशात राहिली, शर्ट घरी राहिला.

आता हे नंबरचं प्रकरण सांगायला हवं. खालच्या उजव्या बाजूच्या दातांना आम्ही चाळीसच्या घरात मोजतो. समोरच्या मधल्या दातापासून मागे जात गेलं की सहावी, सातवी आणि आठवी या तीन दाढा. आठवी म्हणजे अक्कलदाढ. सत्तेचाळीस म्हणजे सातवी. तिच्या तोंडात मला त्या बाजूला दोनच दाढा दिसल्या, एकमेकींना खेटून, मध्ये फट नाही. मी एक सहावी धरली, दुसरी सातवी. अक्कलदाढ आलेलीच नसेल, कित्येकांना येत नाही. मागची काढायची.

एक्सरेचं यंत्र माझ्या खुर्चीपासून तीन पावलांवर आहे. पण चिठ्ठी होती ना! मोठ्या गावच्या डॉक्टरने तपासून लिहिलेली चिठ्ठी. मग मी परत कशाला तपासू? हा माझा त्या दिवशीचा शहाणपणा.

भूल द्यायच्या आधी तिने तोंडात बोट घालून पुढच्या दाढेवर ठेवलं. "हे," ती म्हणाली. मी म्हणाले, हो हो, कळलं. दुखणारा दात पेशंटला नेमका सांगता येत नाही, खालचा दुखला तर वरचा वाटतो, पुढचा दुखला तर मागचा, हे आम्ही कॉलेजात शिकतो आणि ते खरंही आहे. पण म्हणून बोटाला काही किंमतच नाही, असं कोणी शिकवलेलं नाही. ते माझं मी शिकले, घाईत.

मागची दाढ सबंध आली. मुळांसकट, तुकडा न पडता. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आतून पोखरलेली दाढ चिमट्यात इतक्या सरळ येत नाही, कुठेतरी मोडतेच. पण आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्याने लहानपणापासून दातांवर तपकिरी डाग आणि खड्डे पडतात. इथे चांगला दातही किडल्यासारखा दिसतो. डाग पाहिले आणि मनातली पाल गप्प बसवली. कापूस दाबून धरायला लावला. दाढ मागितली तिने. शरीराचा तुकडा कचऱ्यात जाऊ नये, शेतात पुरायचा, असं तिच्या घरात मानतात. कापसात गुंडाळून दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी तिच्या भावाचा फोन आला होता. ठणका थांबत नाही म्हणून. मी हातातलं काम न सोडता सहायक बाईंना म्हटलं, सांगा त्यांना, दाढ काढल्यावर दुखणारच, गोळ्या घ्या. माझ्या सहायक बाई म्हणजे इथल्याच एका मेकॅनिकच्या घरातल्या, पंधरा वर्षं माझ्याकडे आहेत. त्यांनी तसंच सांगितलं. फोनवर मी एक प्रश्न विचारला असता, तोच जुना ठणका आहे की नवा, तर तीन दिवस आधी कळलं असतं. ती बाई तीन दिवस चुलीसमोर बसून शेकडो पोरांची खिचडी शिजवत होती, जबड्याला फडकं बांधून.

तर आता ती माझ्यासमोर होती आणि डबीही. मी तिला खुर्चीवर बसवलं. आरसा आत घातला आणि पाहिलं. मागची दाढ गेल्यामुळे पुढच्या दाढेची मागची भिंत उघडी पडली होती. काळी, खोल पोखरलेली. दोन दाढांच्या मध्ये, खेटून बसलेल्या जागी लपलेली कीड. आरशाच्या दांड्याने हलकेच टकटक केली तशी तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

"या बाजूचा दात याआधी कधी काढला होता?" मी विचारलं. हा प्रश्न चार दिवसांपूर्वी विचारायचा होता.

ती लहान असताना बाजारात फुटपाथवर दात काढणारा एक माणूस बसायचा. दाढ दुखली म्हणून याडीने, म्हणजे आईने, त्याच्यासमोर बसवलं होतं. नंतर मागची दाढ हळूहळू पुढे सरकून त्या जागेवर आली. जागा भरली, फट राहिली नाही. म्हणजे सहावी कधीच गेली होती. जिला मी सहावी म्हणाले ती सातवी, आणि मी काढली ती आठवी. चांगली, चावणारी अक्कलदाढ. यवतमाळचा डॉक्टर जिच्या भरवशावर सातवी काढायला सांगत होता, तीच. तिच्या चावायच्या एकुलत्या एका बाजूला आता फक्त एक किडकी दाढ राहिली होती. तेलही गेलं, तूपही गेलं. एक्सरे काढला. त्यातही तेच दिसलं, आणखी स्पष्ट.

तेव्हा लगेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. ठणका उतरायला गोळी दिली आणि जरा बाहेर बसा म्हणाले. डबी इथेच ठेवा, तपासून पाहते, असंही म्हणाले. तिने झाकण लावलं आणि डबी कमरेला खोचली. "डबी माह्यापाशीच राहू द्या," ती म्हणाली. एव्हाना तिला माझी पूर्ण ओळख पटली होती.

दार लावून मी माझ्या सरांना फोन केला. ज्यांच्या हाताखाली दाढ काढायला शिकले ते. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, चिठ्ठीवर सत्तेचाळीस, तुझ्या कागदावर सत्तेचाळीस, संमतीपत्रावरही तेच. सगळं जुळतंय, मग घाबरतेस कशाला? कागदावर जागा असेल तर एक ओळ टाकून ठेव, दोन्ही दाढा खराब असल्याचं तोंडी सांगितलं होतं, पेशंटने होकार दिला. सहायकालाही तेच सांगून ठेव. आणि ती दाढ काहीतरी निमित्ताने घे आणि टाकून दे. वरून समजावणीच्या सुरात म्हणाले, तांड्यावरची माणसं आहेत, चार दिवस ओरडतील.

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाने मला शिकवलं की काढण्याआधी तीनदा मोजायचं, तो मला कागद मोजायला सांगत होता. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. आणि त्याहून जास्त संताप याचा की डबी मागण्याची युक्ती त्यांच्या आधी माझ्या डोक्यात येऊन गेली होती. मी सरांहून काही चांगली नव्हते. फक्त तिने डबी दिली नाही.

केसपेपर समोर होता. शेवटच्या ओळीखाली दोन बोटं जागा होती. मी पेन उचललं नाही असं सांगायला आवडलं असतं. उचललं होतं. समोर सहायक बाई उपकरणं धुवत उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी तिने बोट ठेवलं होतं, तुम्हाला आठवतं का?"

"हां म्याडम, ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "समोरच्या दाढेवर. मले वाटलं, तुमी पाह्यलं असन."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, उपकरणं धुतच राहिल्या. मी पेन खाली ठेवलं. मग दवाखान्याच्या विम्याचा कागद शोधला आणि विमा कंपनीच्या वकिलाला फोन लावला. तो माणूस रुक्ष होता, आणि त्या दिवशी मला तेच बरं वाटलं. त्याने सांगितलं ते असं. जुन्या नोंदीला हात लावू नका, खाडाखोड नाही, मधे ओळ नाही, पांढरी शाई तर नाहीच. आजची नोंद वेगळी करा, आजच्या तारखेने, वेळ घालून, सही करून. तिची तक्रार तिच्याच शब्दांत लिहा. तपासणीत काय दिसलं ते लिहा, एक्सरे आणि फोटो जोडा. चिठ्ठी जपा. दाढ तिची आहे, तिच्यापाशीच राहू द्या, फक्त तिला विचारून फोटो घ्या. तिला खरं सांगा, पण जे दिसलं तेवढंच, दुसऱ्या डॉक्टरवर ढकलू नका. ती मागेल त्या कागदांच्या प्रती द्या. भरपाईबद्दल आम्हाला विचारल्याशिवाय शब्द देऊ नका.

मी म्हणाले, मला तिची माफी मागायची आहे. तो म्हणाला, मागा, माणूस आहात.

दोघांना आत बोलावलं. या वेळी मी टेबलाच्या पलीकडे बसले नाही, स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. भावाला म्हणाले, मोबाईल सुरू करायचा असेल तर करा. त्याने तो खिशात टाकला. मी एक्सरे दाखवला. बोटाने दाढा मोजून दाखवल्या, लहानपणी गेलेली कुठली, सरकलेली कुठली. मग म्हणाले, "जी काढायची होती ती अजून तोंडात आहे. जी काढायची नव्हती ती मी काढली. चूक माझी आहे. तुम्ही बोट ठेवून दाखवलं होतं, मी पाहिलं नाही. मला माफ करा."

भाऊ काहीतरी बोलायला गेला, तिने हाताने थांबवलं. एक्सरेतल्या रिकाम्या जागेवर तिने बोट ठेवलं. "ते परत लावता येत नाई काय?" तिने विचारलं. नाही, चार दिवसांनी कोरड्या डबीतली दाढ परत धरत नाही, मी सांगितलं. मग तिने पदराने डोळे पुसले. रडण्यापेक्षा चीडच होती ती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मंग मले येड्यात काहून काढलं आधी? आल्याबरोबर कायले कागद दाखोले?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, हेच काय ते उत्तर.

पुढचं काय, ते मी समोर मांडलं. किडकी दाढ काढली तर ठणका जाईल, पण खाली चावायला काही उरणार नाही. वाचवायची असेल तर रूट कॅनाल, म्हणजे आतली सडलेली नस काढून मुळं भरायची, वर टोपी बसवायची. तीनचार खेपा लागतील. भिंत खोल पोखरली आहे, टिकेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. माझ्याकडे करायचं नसेल तर यवतमाळला दुसऱ्याकडे सोय लावून देते, तक्रार करायची असेल तर कुठे करायची तेही सांगते. आज मात्र नस थोडी मोकळी करून औषध भरू द्या, म्हणजे ठणका थांबेल. तिने औषध भरू दिलं. बाकीचं घरी ठरवून सांगते म्हणाली. जाताना उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हे सारं मले लिहून द्या. मराठीत. नंबर नको, दाढ कोनती ते लिहा."

लिहून दिलं. डॉक्टरी शब्द टाळून. सहायक बाईंनी त्यांना आठवतं ते वेगळ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, मी मजकूर सांगितला नाही. यवतमाळच्या डॉक्टरलाही फोन केला. तो म्हणाला, मी नंबर बरोबर लिहिला होता. बरोबरच होता. पण सहावी गेलेली आहे, सातवी पुढे सरकली आहे, एवढे चार शब्द त्याने लिहिले असते तर? हे मी त्याला म्हटलं, चिडूनच म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही एक फोन केला असता तर? दोघंही खरं बोलत होतो आणि दोघांच्याही खरं बोलण्याने तिची दाढ परत येणार नव्हती.

सरांनी नंतर दोनदा फोन केला. मी उचलला नाही.

आता दवाखान्यात एक रीत पडली आहे. दुसऱ्याची चिठ्ठी असली तरी एक्सरे स्वतः पाहायचा, आधी कोणता दात गेला ते विचारायचं आणि लिहायचं. नुसता नंबर नाही, सोबत शब्दांत दाढ कोणती तेही. मग पेशंटच्या हातात आरसा द्यायचा, त्याने बोट ठेवायचं, मी मोठ्याने मोजायचं, सहायक बाई कागद मोठ्याने वाचणार. तिन्ही जुळली तरच भूल. बोट आणि कागद जुळले नाहीत तर थांबायचं, मग गाडी सुटली तरी चालेल. बाजाराच्या दिवशी लोक कंटाळतात, काही उठून दुसरीकडे जातात. जाऊ देत. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, तुमाले दात मोजता येत नाईत काय? येत नाहीत असंच समजा, मी म्हणाले.

ती आली. आठ दिवसांनी, एकटी, मी लिहून दिलेला कागद चौपदरी घडी करून डबीत घातलेला. तक्रार करायची की नाही हे अजून ठरवलेलं नाही, असं तिने आल्या आल्या सांगितलं. दाढ वाचवून पाहू म्हणाली. मी म्हणाले, तक्रारीचं तुमचं तुम्ही ठरवा, त्याचा या दाढेशी संबंध नाही. तिला हे कितपत पटलं ते माहीत नाही.

खुर्ची मागे झुकवली. तिच्या हातात आरसा दिला. सहायक बाईंनी कागद वाचला, मी मोजलं. तिने बोट तोंडात घालून दाढेवर ठेवलं. मी भुलीची सुई हातात घेतली आणि म्हणाले, झालं, आता बोट काढा.

तिने काढलं नाही. आरशातून माझ्याकडे पाहत, बोटाच्या बाजूने कसंबसं बोलली.

"आधी तुमी ठेवा."

मी सुई खाली ठेवली आणि तिच्या बोटाशेजारी माझं बोट ठेवलं.